एकच ठेका दहा मिनिटे: ‘हालोगालो’ कसे घडले

प्रश्न: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे जर्मन बँड ऐकतो. एकच ठेका दहा-दहा मिनिटे चालतो तरी कंटाळा येत नाही आणि मागे ते तरंगते, इलेक्ट्रॉनिक वाटणारे आवाज असतात. आम्ही तिघे मित्र (ड्रम, गिटार, बास) तसे करायला गेलो की दोन मिनिटांत रटाळ होते. त्यांनी नेमके काय केले होते? सिंथेसायझर घ्यावाच लागेल का?

उत्तर:

सिंथेसायझर घेण्याची घाई करू नका. ज्या रचनेपाशी या प्रकारच्या संगीताची चर्चा हमखास येऊन थांबते, ती नॉय! या जोडीची ‘हालोगालो’ ही रचना ड्रम, गिटार, बास, टेप आणि मिक्सिंगचे टेबल एवढ्यावरच उभी आहे. मी आधी ड्रम वाजवत असे आणि गेली बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो. या एका रचनेने मला जेवढे शिकवले तेवढे दुसऱ्या कोणत्याही रचनेने शिकवले नाही, म्हणून तिच्याच आधाराने सांगतो.

मिखाएल रोटर गिटार वाजवत असे आणि क्लाउस डिंगर ड्रम. १९७१ मध्ये काही महिने हे दोघे क्राफ्टवेर्क या बँडमध्ये फ्लोरियान श्नायडरबरोबर वाजवत होते. त्या संचाचा अल्बम करण्याचा प्रयत्न फसला, दोघे बाहेर पडले आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये हांबुर्गच्या एका स्टुडिओत कॉनी प्लांक या ध्वनिमुद्रकाबरोबर बसले. हाताशी रात्री होत्या चारच, कारण स्टुडिओचे भाडे परवडण्यासारखे नव्हते. पहिल्या दोन दिवसांत फारसे काही हाती लागले नाही. मग डिंगरने आपला ‘जपानी बॅन्जो’, म्हणजे तैशोगोतो हे वाद्य, आणले आणि गाडी रुळावर आली. आपल्याकडे मिरवणुकीत कळा दाबून वाजवला जातो तो ‘बेंजो’, म्हणजेच बुलबुल तरंग, याच जपानी वाद्यापासून आलेला आहे, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता. रोटरचेही एक नाते आपल्या भागाशी आहे. त्याच्या लहानपणीची काही वर्षे कराचीत गेली आणि तिथे कानावर पडलेल्या, आरंभ-अंत न जाणवणाऱ्या सुरांचा उल्लेख त्याने पुढे मुलाखतींतून केला आहे. अल्बम १९७२ मध्ये ‘नॉय!’ याच नावाने निघाला आणि ‘हालोगालो’ ही त्यातली पहिली, दहा मिनिटांची रचना.

आता ठेक्याकडे येऊ. चार मात्रांचा एक साधा घास घ्या आणि प्रत्येक मात्रेचे दोन अर्धे करा, म्हणजे आठ घरे झाली. हाय-हॅटची झांज आठही घरांत सारख्या अंतराने वाजत राहते. स्नेअरची थाप तिसऱ्या आणि सातव्या घरात, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. इथपर्यंत हा कोणत्याही रॉक गाण्याचा ठेका आहे. खरा फरक पायाच्या ड्रममध्ये आहे. तोंडाने म्हणायचे तर ‘धम धम थाप धम, धम धम थाप’ आणि आठवे घर पायापुरते रिकामे. थापांच्या मधली जागा पाय सतत भरत राहतो, त्यामुळे सर्वसाधारण रॉक ठेक्यात जो झोका जाणवतो, म्हणजे एकदा खाली बसणे आणि एकदा वर उठणे, तो इथे जवळजवळ नाहीसा होतो. लय मिनिटाला सुमारे १६० मात्रांची, म्हणजे बरीच द्रुत आहे, पण ऐकताना धावपळ वाटत नाही. गाडी वेगात असते आणि आपण आत निवांत बसलेले असतो, तसे वाटते.

हे का घडते ते आपल्या भाषेत सांगणे सोपे आहे. तीनतालात सोळा मात्रांचे आवर्तन समेवर परत येते. नवव्या मात्रेवरची खाली आपल्याला आठवण करून देते की सम जवळ येत आहे, तिहाई तर त्या येण्याची वाट पाहायला लावते आणि त्या वाट पाहण्यातच सारी गोडी आहे. डिंगरच्या ठेक्यात सम नाही. पहिली मात्रा असते, पण तिच्यावर भार नसतो. चार किंवा आठ घास झाले की ‘आता नवे कडवे येत आहे’ असे सांगणारी ड्रमची लांब भिरभिरी रॉकमध्ये अंगवळणी पडलेली असते. तीही इथे नाही. कानाला मोजण्यासाठी खूण मिळाली नाही की तो मोजणे सोडतो आणि मोजणे सुटले की दहा मिनिटे हा काळ लांब की थोडका हे कळेनासे होते. समीक्षकांनी या ठेक्याला ‘मोटोरिक’ म्हटले. ते नाव डिंगरला पसंत नव्हते. तो स्वतः त्याला ‘न संपणारी सरळ रेषा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत असे आणि मला तेच अधिक नेमके वाटते, कारण मोटोरिक म्हटले की यंत्र आठवते आणि हा ठेका यंत्राचा नाही. तो हाताचा आहे. प्रत्येक थाप आधीच्या थापेपेक्षा केसभर वेगळ्या जोराची आहे, झांज मधूनच किंचित उघडते आणि पुन्हा बंद होते. ढाचा बदलत नाही, पण त्याचा श्वास बदलत राहतो.

तुमचे दोन मिनिटांत रटाळ होते, त्याचे कारण बहुधा इथेच सापडेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन तरुण वादक असाच बारा मिनिटांचा तुकडा मुद्रित करायला आले होते. पहिला प्रयत्न ऐकल्यावर त्यांनाही तुमच्यासारखाच प्रश्न पडला. मी मुद्रण पुन्हा लावले आणि मोजत बसलो. सुरुवातीला लय १६० होती आणि नवव्या मिनिटाला ती १६८ वर गेली होती. दर आठ घासांनी ड्रमवादकाचा हात नकळत टॉमकडे जात होता आणि एक छोटी भिरभिरी वाजवून परत येत होता. प्रत्येक भिरभिरीत लय थोडी पुढे सरकत होती आणि त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक भिरभिरी ऐकणाऱ्याला काहीतरी नवे येत असल्याचे वचन देत होती. नवे काहीच येत नव्हते. रटाळपणा पुनरावृत्तीतून आला नव्हता, मोडलेल्या वचनांतून आला होता. त्याला ‘वाजवू नकोस’ असे सांगून उपयोग झाला नाही, कारण हाताची सवय कानाला विचारत नाही. शेवटी मी दोन्ही टॉम स्टँडवरून उतरवून बाहेरच्या खोलीत ठेवले आणि क्रॅश झांज एवढी दूर सरकवली की तिथे पोहोचायला उठावे लागेल. तिसऱ्या खेपेला ठेका जमला. कानात लय टिकटिकत ठेवणारा क्लिक मात्र मी लावू दिला नाही. क्लिकवर वाजवणारा नवा वादक सतत यंत्राला गाठायला धावतो आणि ती धडपड मुद्रणात ऐकू येते. त्याऐवजी त्याला जोर कमी करायला सांगितला. दहा मिनिटे टिकेल एवढ्याच जोराने पहिल्या मिनिटापासून वाजवायचे, हा एकच नियम. मनगट दुखायला लागले की लय आधी पळते आणि मग कोसळते.

संगणकावर एक घास मुद्रित करून त्याच्या चारशे नकला एकापुढे एक लावण्याचा मोह होईल. करून पाहा आणि तिसऱ्या मिनिटाला डोळे मिटून ऐका. नकला असतील तर कान एव्हाना ठेक्याला भिंतीवरच्या घड्याळासारखे विसरून गेलेला असतो. हाताने वाजवलेला ठेका असेल तर कान त्याच्या आत शिरलेला असतो, झांजेच्या कडेचा आणि पायाच्या ड्रमच्या कातड्याचा आवाज वेगळा ऐकू लागतो.

ठेका सरळ रेषेत ठेवला आणि वर गिटारने चार स्वरसंघांचे चक्र फिरवले, तर सगळे व्यर्थ गेले असे समजा, कारण स्वरसंघ बदलला की त्याचे घरी परतणे हीच एक सम होऊन बसते. ‘हालोगालो’ पूर्ण वेळ एकाच स्वरसंघावर राहते. रोटरने त्या काळात अमेरिकन ब्लूजच्या तयार जागा आणि वेगवान एकल वादनाची हौस जाणूनबुजून सोडून दिली होती. त्या पिढीच्या अनेक जर्मन वादकांना इंग्रजी-अमेरिकन रॉकची नक्कल नको होती आणि जर्मनीतल्याच गोडगोड लोकप्रिय गाण्यांचाही वीट आला होता. मग उरले काय, तर एक स्वरसंघ आणि लांब ओढलेले स्वर. तो गिटारचे अनेक थर एकावर एक मुद्रित करतो, एका थरातला स्वर विरत असताना दुसऱ्या थरातला उगवतो आणि या उगवण्या-मावळण्याच्या वेळा ठेक्याच्या घासांशी जुळत नाहीत. खाली आठ घरांचा सारखा चाललेला ठेका आणि वर त्याच्याशी न जुळणाऱ्या लांबीच्या लाटा, या दोन गोष्टींच्या घर्षणातून ते गारूड तयार होते. बासनेही हीच शिस्त पाळावी. एक-दोन स्वर, आणि ते ड्रमच्या पायाला चिकटून.

आता त्या ‘इलेक्ट्रॉनिक’ आवाजांविषयी. ‘हालोगालो’त जे स्वर शून्यातून फुगत येतात आणि एकदम कापल्यासारखे थांबतात, ती उलट्या टेपवरची गिटार आहे. तार छेडली की आवाज झटक्यात सुरू होतो आणि सावकाश विरतो. टेप उलटी फिरवली की तो सावकाश वाढतो आणि झटक्यात संपतो. छेडण्याचा टोकदार आघात शेवटी गेल्यामुळे हे कोणते वाद्य आहे हे कानाला ओळखता येत नाही, कारण वाद्याची ओळख आपण फार मोठ्या प्रमाणात त्या आरंभीच्या आघातावरूनच पटवतो.

यात एक बारकावा आहे आणि बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात. आधी गिटार सुलटी वाजवून मुद्रित करायची आणि नंतर तो तुकडा उलटायचा, असे केले की स्वर लयीवर बसत नाहीत, मागे-पुढे लोंबत राहतात. करायचे ते असे: ठेका आणि बास मुद्रित झाल्यावर तीच टेप उलटी चढवायची, म्हणजे ड्रमसुद्धा उलटे ऐकू येतात, आणि त्या उलट्या ठेक्याबरोबर गिटार वाजवायची. मग टेप पुन्हा सुलटी केली की ठेका सुलटा होतो आणि गिटार उलटी, पण लयीत. जुन्या यंत्रावर आणखी एक सापळा होता. रीळ उलटे चढवल्यावर पट्ट्यांचा क्रमही उलटा होतो. आठ पट्ट्यांच्या टेपवर पहिली पट्टी आठव्या जागी आणि दुसरी सातव्या जागी जाते. हे विसरून मोकळी समजून भलतीच पट्टी निवडली, तर खालचा मूळ आवाज कायमचा पुसला जातो. माझ्या उमेदवारीच्या काळात हे माझ्या हातून एकदा झाले आहे आणि तेव्हापासून यंत्रावर पट्ट्यांचे उलटे क्रमांक लिहिलेली कागदी चिठ्ठी चिकटवल्याशिवाय मी रीळ फिरवत नाही.

संगणकावर तो धोका नाही, पण दुसरा आहे. उलट्या ड्रममध्ये स्नेअरची थाप ‘सूऽऽप्’ अशी ऐकू येते, म्हणजे आधी फुगवटा आणि शेवटी कापलेले टोक. गिटारवादक स्वाभाविकपणे त्या फुगवट्याच्या सुरुवातीला तार छेडतो. सुलटे केल्यावर त्याच्या स्वराचे टोक थापेच्या नंतर पडते आणि सगळे उशिरा आल्यासारखे वाटते. त्याने छेडायचे असते ते कापलेल्या टोकावर. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाला हे समजायला अर्धा तास लागला. समजल्यावर त्याचा प्रत्येक स्वर दूरवरून चढत येऊन नेमका थापेवर मिटू लागला आणि त्या खोलीत बसलेल्या आम्हा तिघांच्याही चेहऱ्यावर एकदम हसू आले.

उरलेले काम प्लांकचे. मिक्सिंगच्या टेबलावरच्या हालचाली लक्षात ठेवणारी यंत्रणा त्याच्यापाशी नव्हती, त्यामुळे दहा मिनिटांचे मिश्रण म्हणजे दहा मिनिटांचे वादनच होते. कोणता थर कधी वर आणायचा आणि कोणता प्रतिध्वनीत बुडवायचा, हे हाताने आणि कानाने त्या क्षणी ठरायचे. तुम्हीही मिश्रण असेच करा. थरांच्या पातळ्या पडद्यावर माउसने रेखाटू नका, टेप चालू आहे असे समजून एका दमात हाताने वर-खाली करा आणि बिघडले तर पहिल्यापासून पुन्हा करा. प्रतिध्वनी वापरणार असाल तर त्याचे अंतर ठेक्याशी बांधून घ्या. १६० च्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची आणि तिचा अर्धा साधारण १८८ चा. टेपवरच्या प्रतिध्वनीत हे अंतर मुद्रण करणारे हेड आणि वाचणारे हेड यांच्यातल्या जागेवरून ठरते. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने चालत असेल तर दोन हेडमध्ये साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. अर्ध्या मात्रेचा प्रतिध्वनी हाय-हॅटच्या घरांतच पडतो, म्हणून तो वेगळा ऐकू न येता गिटारला आपसूक ठेक्याची धार देतो. अंतर थोडे चुकले की मात्र सगळा चिखल होतो.

सगळ्या बँडनी हीच वाट धरली असे मात्र नाही. कोलोनच्या कान या बँडचा ड्रमवादक याकी लिबेत्साइट आधी मुक्त जॅझ वाजवत असे आणि तिथल्या अमर्याद स्वातंत्र्याला कंटाळून पुनरावृत्तीकडे वळला. त्याचा ठेका सरळ रेषा नसून चक्र आहे. १९७१ च्या ‘तागो मागो’ या अल्बममधली अठरा मिनिटांची ‘हालेलुवा’ ऐकली तर ते आवर्तन स्पष्ट कळते आणि तबला ऐकलेल्या कानाला ते लगेच जवळचे वाटते. तो बँड तासन्‌तास वाजवत असे आणि होल्गर चुकाय नंतर टेप कापून-जोडून त्यातून रचना काढत असे. बर्लिनच्या टँजरिन ड्रीमने हातच काढून घेतला. ‘फीड्रा’ या १९७४ च्या अल्बममध्ये ख्रिस फ्रांकेच्या मूग सिंथेसायझरचा सीक्वेन्सर थोडक्या स्वरांची माळ फिरवत राहतो. ती यंत्रे तापली की त्यांचे सूर सरकत आणि ते सरकणे त्या मुद्रणात तसेच राहिले आहे. मला त्याविषयी विशेष ममत्व वाटते, कारण यंत्राच्या पुनरावृत्तीत जिवंतपणा आला तो त्याच्या सूर न धरण्यामुळे. या सगळ्या बँडच्या संगीताला क्राउटरॉक म्हणतात आणि हा शब्द इंग्रजी संगीतपत्रकारांनी रूढ केला. ‘क्राउट’ म्हणजे कोबी, आणि युद्धकाळात जर्मनांना हिणवण्यासाठी तो वापरला जाई, त्यामुळे अनेक वादकांना तो आवडत नव्हता. फाउस्ट या बँडने १९७३ मध्ये आपल्या एका लांबलचक रचनेलाच हे नाव देऊन टाकले.

साधनांची कमतरता कुठपर्यंत ताणता येते, हे पाहायचे असेल तर नॉय!चा १९७३ चा दुसरा अल्बम ऐका. मध्येच पैसे संपले, दुसरी बाजू भरायला सामग्री नव्हती. तेव्हा त्यांनी आपलीच आधी निघालेली दोन गाण्यांची छोटी तबकडी घेतली आणि ती वेगवेगळ्या वेगांनी वाजवून मुद्रित केली. ‘सुपर १६’ आणि ‘सुपर ७८’ ही नावे तबकडीच्या मिनिटातल्या फेऱ्यांची आहेत. ४५ फेऱ्यांची तबकडी १६ वर लावली की सूर जवळजवळ दीड सप्तक खाली जातो आणि जो ठेका होता तो ठेका न राहता संथ, जड आवाजांचा पोत होतो. अनेकांनी ही फसवणूक मानली आणि त्या बाजूतले सगळेच टिकाऊ आहे असे मलाही वाटत नाही. पण लय आणि पोत या दोन वेगळ्या गोष्टी नसून वेग बदलला की एक दुसरीत उतरते, हे त्या बाजूवर प्रत्यक्ष ऐकू येते.

तुम्ही तिघांनी पहिल्या दिवशी फक्त ड्रम आणि बास मुद्रित करा, गिटारवादकाला खोलीबाहेर बसवा. दहा मिनिटांचा एक अखंड तुकडा घ्या आणि पहिल्या व नवव्या मिनिटाची लय मोजा. फरक दोन-तीन मात्रांचा असेल तर चालेल, त्याहून जास्त असेल तर पुन्हा वाजवा. मग तो तुकडा गिटारशिवाय तिघांनी मिळून ऐका. ज्या ठिकाणी तिघांपैकी कोणालाही ‘आता काहीतरी व्हायला हवे’ असे वाटेल तिथली वेळ लिहून ठेवा आणि त्या जागी ड्रमने काय केले ते तपासा. बहुतेक वेळा तिथे एखादी चुकून पडलेली जोरकस पहिली मात्रा सापडेल. ती काढल्यावरच गिटार आत बोलवा.